‘समुद्रावर पाकीट सापडलं’ हे वाक्य कधी बोलायचं

गुहागरात आमची चार खोल्यांची घरगुती राहण्याजेवणाची सोय आहे. पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तू हा आमच्याकडे रोजचाच विषय. चार्जर, चष्मा, दोरीवर वाळत राहिलेला टॉवेल. पण पाहुण्याचा नंबर आमच्या वहीत असतो आणि तो आम्हाला ओळखतो, त्यामुळे एका फोनवर काम होतं. ज्याला आपण कधी पाहिलेलं नाही त्याच्या माणसाला फोन करून ‘तुमची वस्तू माझ्याकडे आहे’ असं सांगणं मात्र अगदीच निराळं असतं. किती निराळं, ते मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी कळलं. त्या दिवशी एकाच पाकिटासाठी आमच्या घरातून दोन फोन झाले, पहिला भाच्याने केला आणि दुसरा मी. पहिल्याने एका घराची झोप उडवली, दुसऱ्याने पाकीट मालकापर्यंत पोचलं.

साडेसहाच्या सुमारास भाचा फिरायला गेला होता. सुरूच्या बनात लोक मोटरसायकली लावतात, तिथल्या कोरड्या वाळूत त्याला तपकिरी चामड्याचं पाकीट दिसलं. आत वाहन चालवण्याचा परवाना, दोन एटीएम कार्डं, १,७४० रुपये, कुंकवाची एक पुडी आणि एका लहान मुलीचा पासपोर्ट साइझ फोटो. परवान्याच्या मागे चार घड्या घातलेली चिठ्ठी होती. तिच्यावर निळ्या पेनाने ‘आई’ आणि खाली दहा आकडे, बाकी काही नाही. घडीवरची शाई पुसट झाली होती.

मालकाचा स्वतःचा नंबर पाकिटात कुठेच नव्हता. स्वतःचा नंबर पाठ असतो, तो कोण लिहून ठेवतो? चिठ्ठीवर लिहिला जातो तो अडीअडचणीला लावायचा नंबर. म्हणजे पाकीट सापडलेला माणूस ज्याला फोन लावतो तो बहुतेक वेळा मालक नसतो, मालकासाठी सगळ्यात आधी घाबरणारं माणूस असतं. पुढचा सगळा गोंधळ यातूनच झाला.

भाच्याने तिथूनच, वाळूत उभं राहून फोन लावला. आधी एक आकडा चुकला. देवनागरीतला पुसट १ त्याला ९ वाटला. पलीकडे कोणीतरी पुरुष. याने ‘हॅलो’ म्हणताच एका दमात सांगून टाकलं की अमुक नावाचं पाकीट सापडलंय, त्यात सतराशे रुपये आणि दोन कार्डं आहेत, तुमचंच का? तो माणूस हसून म्हणाला, ‘हो हो, माझंच की. कधी येऊ न्यायला?’ गंमत करत असावा. पण मनात आणलं असतं तर त्याला काहीच अडचण नव्हती, कारण ओळख पटवायला जे विचारायचं ते सगळं भाच्याने आधीच त्याच्या हातात दिलं होतं.

दुसऱ्यांदा नंबर बरोबर लागला. बोलणं असं झालं.

‘हॅलो, तुम्ही (परवान्यावरचं नाव) यांच्या आई का?’
‘हो. कोण बोलतंय?’
‘तुमच्या मुलाचं ना, पाकीट आम्हाला समुद्रावर सापडलंय.’
‘समुद्रावर? तो कुठे आहे?’
‘ते माहीत नाही. इथे कोणी नाहीये.’

आणि फोन कट झाला. चौपाटीवर रेंजची एकच काडी असते, तीही वारा घेऊन जातो असं आम्ही म्हणतो. भाच्याला वाटलं, निरोप दिला, आता त्या करतील फोन. त्याने मोबाइल खिशात टाकला आणि पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळायला गेला.

त्या बाई कराडच्या. ‘समुद्रावर’ हा शब्द आमच्याकडे रोजचा आहे. समुद्रावर जाऊन आलो, समुद्रावर गर्दी होती, समुद्रावर भेळ खाल्ली. त्याचा अर्थ फक्त चौपाटी. कराडात बसलेल्या आईला तो शब्द तसा ऐकू येत नाही. मुलगा कोकणात गेलाय, त्याचं पाकीट समुद्रावर सापडलंय आणि ‘इथे कोणी नाहीये’. तिने मुलाला फोन लावला तर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. भाच्याचा नंबर लावला तर तोही बाहेर. मुलगा त्या वेळी मित्राच्या मागे मोटरसायकलवर बसून धोपाव्याकडे निघाला होता. तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळ आणि पुढे दापोली असा त्यांचा बेत होता. त्या वाटेवर मध्ये मध्ये रेंज जाते, हे आम्हाला माहीत, कराडला कसं कळणार? पाऊण तासात त्या घरात काय झालं असेल ते मी लिहीत नाही. त्यांचे एक नातेवाईक चिपळुणात राहतात, ते गाडी काढून गुहागरकडे निघाले होते. चिपळूण ते गुहागर सुमारे ४५ किलोमीटर आहे.

सव्वासातला भाचा घरी आला, पाकीट टेबलावर ठेवलं आणि काय केलं ते सांगितलं. माझी आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘अरे, समुद्र कशाला म्हणालास तिला!’ चूक कुठे झाली ते तिला एका वाक्यात कळलं. मला तेवढंच कळायला चार-पाच मिनिटं लागली, मग मी गच्चीवर गेलो. आमच्याकडे खात्रीची रेंज तिथेच असते. जायच्या आधी एका कागदावर चार ओळी लिहून घेतल्या. अनोळखी माणसाशी बोलताना माझीही जीभ पुढे पळते, म्हणून.

लिहिताना अडचण लक्षात आली. पलीकडच्या माणसाला एकाच वेळी दोन भीती असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. पहिली भीती अपघाताची. ती घालवायची तर जास्त सांगावं लागतं: कुठे, कसं, कोणाला सापडलं. दुसरी भीती फसवणुकीची. हल्ली ‘तुमचा मुलगा पकडला गेलाय, पैसे पाठवा’ असे फोन घरोघरी येतात, त्यामुळे मुलाचं नाव घेऊन कोणी अनोळखी बोलू लागला की ऐकणारा सावध होतो. ही भीती घालवायची तर कमी विचारावं लागतं. फसवणारा माणूस नेहमी काहीतरी मागतो: नंबर, ओटीपी, पत्ता, पैसे. म्हणून मी ठरवलं की माझ्याबद्दल जेवढं सांगता येईल तेवढं सांगायचं आणि त्यांच्याकडून काहीही मागायचं नाही. मुलाचा नंबरसुद्धा नाही. माझा नंबर द्यायचा आणि तो त्याच्यापर्यंत पोचवा म्हणायचं. एवढ्याने अर्धा संशय तिथेच गळून पडतो.

पहिल्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मनात आलेलं पहिलं वाक्य होतं ‘काकू, घाबरू नका’. ते खोडलं. ‘घाबरू नका’मधला ‘घाबरू’च ऐकू येतो, ‘नका’पर्यंत कोणी थांबत नाही. दुसरं लिहिलं, ‘तुमचा मुलगा ठीक आहे’. तेही खोडलं, कारण ते मला ठाऊकच नव्हतं. मी त्याला पाहिलेलं नाही. तो ठीक नसता तर माझं ते वाक्य त्या बाईंनी आयुष्यभर लक्षात ठेवलं असतं. जे खरं माहीत होतं तेवढंच बोलायचं होतं: पाकीट कोरड्या वाळूत, गाड्या लावतात तिथे पडलं होतं, गावात कसलीही गडबड नाही.

वाक्याची रचनाही बदलावी लागली. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘तुमच्या मुलाचं’ इथून सुरुवात केली की ‘सापडलंय’ येईपर्यंत ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. भाच्याने मध्ये ‘ना’ घालून तो अजूनच लांबवला होता. म्हणून ‘पाकीट’ हा शब्द आधी आणि मुलगा नंतर. पाकीट म्हटल्यावर विषय वस्तूचा आहे हे कळतं, मग मुलाचं नाव आलं तरी तेवढं टोचत नाही.

फोन लावला. चौथ्या रिंगला एका पुरुषाने उचलला. वडील असावेत. आवाज बसलेला होता.

‘नमस्कार. मी गुहागरहून बोलतोय, व्याडेश्वराच्या देवळाजवळ आमचं राहण्याजेवणाचं घर आहे. एक पाकीट सापडलंय, ते परत द्यायचं आहे, म्हणून फोन केला. गाड्या लावतात तिथे पडलेलं होतं. त्यात हा नंबर मिळाला.’

पलीकडे शांतता. मग, ‘मघाशी कोणी फोन केला होता?’

‘माझ्या भाच्याने. लहान आहे, त्याने नीट सांगितलं नाही आणि रेंज गेली. त्याबद्दल माफी मागतो. समुद्रावर म्हणजे आमच्याकडे चौपाटी, काका. पाण्यापासून लांब, झाडांखाली, कोरड्या वाळूत पाकीट होतं. इथे अपघात, बुडणं, असलं आज काही झालेलं नाही. मी गावातच आहे, झालं असतं तर कळलं असतं.’

हे शेवटचं वाक्य मी तपासून घेतलं होतं. गच्चीवर जायच्या आधी चौपाटीवरच्या शहाळेवाल्याला आणि जीवरक्षक मुलांपैकी एकाला विचारलं होतं. दोघंही म्हणाले, काही नाही. त्या चौकशीला दोन मिनिटं लागली. ती केली नसती तर ते वाक्य बोलायचा मला हक्क नव्हता.

काका पत्नीला आत सांगायला गेले. मी थांबलो. फोनवरची शांतता भरून काढायची ओढ असते, ती आवरली. परत आले तेव्हा आवाज बदललेला होता. भीती ओसरली आणि तिच्या जागी संशय आला. हे इतकं ठरल्यासारखं होतं की मला हसू आलं.

‘बरं. मग किती पैसे पाठवायचे तुम्हाला?’

‘काही नाही, काका. आणि तुम्ही मलाही काही सांगू नका, तुमचा पत्ता, त्याचा नंबर, काहीच नको. माझा नंबर तुमच्याकडे आलाच आहे. मुलाशी बोलणं झालं की त्याला या नंबरवर फोन करायला सांगा. पाकीट त्याचंच आहे हे मी त्यालाच विचारून पटवीन.’

‘त्याचा फोन लागत नाहीये.’

‘इथून धोपाव्याकडे किंवा चिपळूणकडे निघाला असेल तर वाटेत रेंज जाते. तासाभरात लागेल बहुतेक.’

‘बहुतेक’ हा शब्द मुद्दाम ठेवला होता. मग त्यांनी ते विचारलं जे कोकणात आणि घाटावर सगळीकडेच विचारतात: ‘तुम्ही गुहागरचे कुठले?’ मी वाडी सांगितली, आडनाव सांगितलं, शाळा सांगितली. चिपळुणातले नातेवाईक वाटेत होते, त्यांना माझ्या गावातलं कोण ठाऊक आहे ते निघालं. गावाचं नाव, देवळाचा ठिकाणा आणि एक समाईक ओळख मिळाली की माणूस निवांत होतो. उद्या मी खोटा निघालो तर कुठे येऊन विचारायचं हे त्याला कळलेलं असतं. मोबाइल नंबरपेक्षा ही खूण जास्त चालते. त्या नातेवाइकांनी शृंगारतळीच्या आसपासून गाडी परत वळवली, असं नंतर कळलं.

फोन ठेवल्यावर लगेच त्याच नंबरवर साधा संदेश पाठवला. फोनवर ऐकलेलं अर्धं विसरतं, आणि वडिलांनी मुलाला पुढे सांगताना माझा निरोप बदलला असता. संदेश असा होता:

‘नमस्कार. मी गुहागरहून आत्ता फोन केला होता. तपकिरी पाकीट सापडलं आहे, सुरक्षित ठेवलं आहे. मालकाने स्वतः या नंबरवर फोन करावा. रात्री दहापर्यंत किंवा सकाळी सातनंतर. पैसे किंवा माहिती काहीही नको.’ खाली नाव आणि घराचा ठिकाणा. लिंक नाही, क्यूआर नाही, फोटो नाही.

फोटो पाठवायचा मोह होतो. भाच्याने तर परवान्याचा फोटो गावातल्या ग्रुपवर टाकायला काढलाही होता, मी तो पुसायला लावला. परवान्यावर नाव, जन्मतारीख आणि पत्ता असतो. ग्रुपवर दोनशे माणसं आहेत आणि त्यातला प्रत्येकजण तो पुढे पाठवू शकतो. आणि पाकिटाचा फोटो सगळ्यांनी पाहिला की मालकाला विचारायला शिल्लक काय राहतं?

आठ वाजून दहा मिनिटांनी मुलाचा फोन आला. तो दाभोळला उतरला होता. धावपळीत फेरीचे पैसे मित्राने दिले होते, म्हणून पाकीट नाही हे त्याला आईचा फोन येईपर्यंत माहीतच नव्हतं. तो बोलायला लागला आणि मी ठरवलेलं तेवढं विचारलं. यातही एक चूक सहज होते. ‘त्यात तुमचा परवाना आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येणारच. ज्या प्रश्नात उत्तर लपलेलं आहे तो प्रश्न वाया गेला. म्हणून मी म्हणालो, ‘पाकिटात काय काय होतं ते सांगाल?’ आणि गप्प बसलो. त्याने परवाना, कार्डं आणि पैसे सांगितले. पैशाचा आकडा अंदाजे होता, पंधराशे-दोन हजार. ते साहजिक आहे, खिशातले पैसे कोणी मोजून ठेवत नाही. उलट १,७४० असा नेमका आकडा कोणी पटकन सांगितला तर मीच दचकेन. मग मी विचारलं, ‘अजून काही? कागद वगैरे?’ तो थोडा थांबला. ‘मुलीचा फोटो आहे. आणि आईने महालक्ष्मीचं कुंकू दिलं होतं.’

एवढं पुरे होतं. कार्डाचे नंबर मी वाचून दाखवले नाहीत आणि त्यालाही विचारले नाहीत. कार्डाच्या मागचे तीन आकडे तर मी पाहिलेही नव्हते, पाकीट उघडताना कार्डं मी खणातून बाहेरच काढली नाहीत. तो म्हणाला, कार्डं बंद करू का? मी सांगितलं, ते तुम्ही ठरवा. पाकीट दीड-दोन तास वाळूत पडलेलं असेल, त्या वेळात कोणी हाताळलं का हे मला सांगता येणार नाही. बँकेच्या अॅपवरून तात्पुरतं बंद करून पाकीट हातात आलं की परत चालू करा. त्याने तसं केलं.

इथे कायद्याचं एक बोलून घेतो, कारण भाच्याने त्याच रात्री विचारलं, ‘नसता केला फोन तर?’ सापडलेली वस्तू परत देण्यासाठी जवळ ठेवणं हा गुन्हा नाही. पण मालक शोधायची सोय हातात असताना ती वस्तू आपली करून टाकली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ प्रमाणे तो अपहार होतो. जुन्या दंडसंहितेत हेच कलम ४०३ होतं. चिठ्ठीवर नंबर असणं ही तशी सोयच झाली. उलट बाजूने, १८७२ च्या करार कायद्यात कलम १६८ आहे. सापडलेली वस्तू सांभाळण्याचा आणि मालक शोधण्याचा जो खर्च-त्रास झाला त्यासाठी दावा लावता येत नाही, पण भरपाई मिळेपर्यंत वस्तू धरून ठेवता येते, आणि मालकाने आधीच ठरावीक बक्षीस जाहीर केलेलं असेल तर त्यासाठी दावाही करता येतो. प्रत्यक्षात आमच्या गावात कोणी पाकिटासाठी भरपाई मागत नाही. आणि फोनवर तो विषय काढला की वडिलांचा तो प्रश्न, ‘किती पैसे पाठवायचे?’, खरा ठरतो.

नंबरच लागला नसता तर काय? मी त्या रात्री दोनदा प्रयत्न करून एक संदेश पाठवला असता, सकाळी पुन्हा एकदा फोन केला असता आणि मग पाकीट पोलीस ठाण्यात देऊन आलो असतो. तिथे देताना आतल्या वस्तूंची यादी करून पोच घ्यायची. पोच नसेल तर पाकीट दिलं हे सांगायला आपल्याकडे काहीच नसतं. सारखे सारखे फोन लावण्याने मात्र उलटच होतं. अनोळखी नंबरचे सहा मिस्ड कॉल पाहिले की माणूस नंबर ब्लॉक करतो. पहिला फोन उचलला नाही तर आधी संदेश आणि दहा मिनिटांनी दुसरा फोन, हा क्रम मला बरा वाटतो. नंबर चुकीचा लागला तर ‘माफ करा, चुकून लागला’ एवढंच. पाकिटाचा उच्चारसुद्धा नाही.

जाता जाता कुत्र्याचं सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी एका पर्यटकाचं कुत्रं आमच्या आवारात शिरलं, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला नंबरची पत्र्याची चकती. तिथे फोन सोपा होता, कारण चकतीवर नंबर मालकाचाच असतो आणि जे सांगायचं ते समोर बसलेलं असतं. पहिलं वाक्य ठोकून सांगता येतं: ‘तुमचं कुत्रं माझ्याकडे आहे, सुखरूप आहे, पाणी पितंय.’ ओळख पटवायला फोन स्पीकरवर टाकला आणि मालकिणीला नाव घेऊन हाक मारायला सांगितली. कुत्र्याने कान टवकारून फोनच चाटला. पाकिटाला अशी हाक मारता येत नाही. म्हणून पाकिटाच्या फोनला शब्द तोलून वापरावे लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा एकटाच, गाडी पलीकडे ठेवून, फेरीने धोपाव्याला आला. घरी बोलवण्यापेक्षा मला जेट्टी बरी वाटली. तिथे तिकीट खिडकीपाशी चार माणसं असतात, त्याला आमचं घर शोधावं लागत नाही आणि मलाही अनोळखी माणसाला थेट दारात आणावं लागत नाही. भाच्याला बरोबर नेलं होतं. परवान्यावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा जुळवला, पैसे त्याला त्याच्याच हाताने मोजायला लावले. १,७४०. त्याने दोनशे रुपये भाच्याकडे केले, भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. शेवटी त्याने शेजारच्या टपरीवर तिघांना चहा पाजला, त्याला आम्ही नाही म्हटलं नाही.

चहा पिताना त्याने आईला फोन लावून भाच्याच्या हातात दिला. भाचा लाल झाला. ‘काकू, काल मी नीट बोललो नाही,’ एवढं कसंबसं म्हणाला. पलीकडून त्या काहीतरी बराच वेळ बोलत होत्या, हा नुसता ‘हो, हो’ करत होता. मग त्या मुलाने परवान्यामागची चिठ्ठी काढली, उलगडली, पुसट झालेल्या आकड्याकडे बघितलं आणि टपरीवाल्याकडून पेन मागून घेतलं. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला इंग्रजी आकड्यांत दोन नंबर लिहिले, एक बायकोचा आणि एक ज्याच्याबरोबर फिरत होता त्या मित्राचा, दोन्हींपुढे नाव. वर लिहिलं, ‘पाकीट सापडल्यास’. ‘आई’ या शब्दावर त्याने एक रेघ मारली. बोटीचा भोंगा झाला तेव्हा तो अर्धा चहा तसाच ठेवून पळाला.